शब्दाला शब्द: भाषांतर किती शब्दशः आहे हे मोजतात कसे?

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाची दोन जुनी रूपे आहेत. एक हिब्रू, म्हणजे मूळ भाषेतले. दुसरे ग्रीक. ग्रीक रूप हिब्रूच्या मानाने बरेच आखूड, जवळजवळ सातव्या-आठव्या हिश्शाने कमी. कुठे एखादा शब्द नाही, कुठे अख्खे वचन नाही. आता प्रश्न असा, की ग्रीक भाषांतरकाराने हात आखडता घेतला, की त्याच्यापुढे असलेले हिब्रू हस्तलिखितच आखूड होते? पहिले उत्तर खरे असेल तर ती भाषांतरकाराची मर्जी ठरते. दुसरे खरे असेल तर जगाच्या हाती नसलेल्या एका जुन्या हिब्रू पाठाची सावली त्या ग्रीकमध्ये उरली आहे.

भाषांतरकाराला विचारता येत नाही. त्याचे नावही कोणाला माहीत नाही. मात्र जो मजकूर त्याने भाषांतरित केला आहे, तिथे तो कसा वागला हे पाहता येते. शब्दाला शब्द ठेवत गेला असेल, तर मधूनच वचनेच्या वचने गाळणारा तो नसावा. मोकळेपणाने सांगत गेला असेल, तर गाळणेही त्याच्या स्वभावात बसते. म्हणून ‘हे भाषांतर शब्दशः आहे’ अशा मोघम शेऱ्यावर न थांबता ते किती आणि कोणत्या बाबतीत शब्दशः आहे हे मोजण्याची गरज बायबलच्या अभ्यासकांना फार पूर्वीपासून भासली. ‘सेप्टुअजिंट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक भाषांतराच्या अभ्यासात ही मोजणी जितकी बारकाईने झाली, तितकी क्वचितच कुठे झाली असेल. हे भाषांतर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात सुरू झाले. ग्रंथागणिक भाषांतरकार बदलत गेले आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. मोजणाऱ्याला यापेक्षा चांगले साहित्य मिळणे कठीण.

मोजणीची पहिली पायरी म्हणजे मूळ मजकुराचे तुकडे पाडणे. ही पायरी वाटते तेवढी सोपी नाही. हिब्रूत ‘आणि’, ‘मध्ये’, ‘ला’ यांसारखे अर्थ देणारी अक्षरे पुढच्या शब्दाला चिकटून येतात. इंग्रजीतल्या ‘द’सारखे काम करणारे निश्चयदर्शक ‘ह’ही तसेच चिकटते. उत्पत्तीच्या पुस्तकातले अगदी पहिले वाक्य घेतले तर लिहिलेले शब्द सात, पण चिकटलेले भाग सोडवले की तुकडे होतात अकरा. त्याचे ग्रीक भाषांतर दहा शब्दांचे. ‘साताचे दहा केले’ असे म्हटले तर भाषांतरकार पाल्हाळिक ठरतो, आणि ‘अकराचे दहा केले’ म्हटले तर तोच काटकसरी ठरतो. म्हणून कोणताही आकडा सांगण्याआधी शब्द कसे तोडले हे सांगावे लागते.

दुसरी पायरी जोड्या लावण्याची. मुळातला प्रत्येक तुकडा आणि भाषांतरातला त्याचा जोडीदार यांना रेघेने जोडायचे. त्या वाक्याचा पहिला शब्द ‘बरेशीत’. यात ‘ब’ म्हणजे ‘मध्ये’ आणि ‘रेशीत’ म्हणजे ‘आरंभ’. ग्रीकमध्ये त्यांच्या जागी ‘एन’ आणि ‘आर्खे’ असे दोन सुटे शब्द त्याच क्रमाने उभे आहेत. दोन रेघा, अगदी सरळ. पुढे हिब्रूत ‘एत’ हा शब्द दोनदा येतो. त्याला स्वतःचा अर्थ नाही. पुढचे नाम हे निश्चित कर्म आहे एवढीच खूण तो करतो. ग्रीकमध्ये हे काम विभक्ती करते, म्हणून भाषांतरकाराने ‘एत’साठी शब्द ठेवलाच नाही. उलट ‘देव’ या अर्थाच्या ‘एलोहीम’ला मुळात ‘ह’ नाही, तरी ग्रीकमध्ये ‘थेओस’च्या आधी ‘हो’ हे उपपद आले आहे, कारण ग्रीक रीतीला तेच धरून होते. बाकीचे सगळे तुकडे एकास एक जुळतात.

आता हिशेब मांडता येतो. मुळातल्या अकरा तुकड्यांपैकी नऊंना जोडीदार मिळाला. भाषांतरातल्या दहा शब्दांपैकी नऊंना मुळात आधार आहे, एक वाढीव. रेघा एकमेकींना कुठेही छेदत नाहीत, म्हणजे क्रम जसाच्या तसा. दोन्ही बाजूंनी मोजणे महत्त्वाचे, कारण नुसत्या मुळाच्या बाजूने पाहिले तर काय गळले ते कळते, पण काय घुसले ते कळत नाही.

याच वाक्याचे आणखी एक ग्रीक भाषांतर उपलब्ध आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अक्विला नावाच्या माणसाने केलेले. त्याला एकही तुकडा सोडायचा नव्हता. ‘एत’साठी त्याने ‘सून’ हा शब्द वापरला. ‘सून’ म्हणजे ‘सह’, आणि ग्रीकमध्ये त्याच्यापुढे जी विभक्ती हवी ती अक्विलाने वापरली नाही; कर्माची विभक्ती तशीच ठेवली. ग्रीक वाचकाच्या कानाला हे नक्कीच खटकत असणार. पण मोजणीत तो अकरापैकी अकरा मिळवतो. शिवाय हिब्रूत ‘रेशीत’चे नाते ‘डोके’ या अर्थाच्या ‘रोश’शी आहे, म्हणून ‘आर्खे’ सोडून त्याने ‘डोके’ या अर्थाच्या ग्रीक ‘केफाले’वरून आलेला ‘केफालाइओन’ हा शब्द निवडला. शब्दाची मुळेसुद्धा त्याला भाषांतरात दिसायला हवी होती.

इथे एक अडचण उघडी पडते. ‘रेशीत’ला दोन्ही भाषांतरांत एकेकच जोडीदार आहे, म्हणून रेघांच्या हिशेबात दोघे सारखे. तरी अक्विला जास्त शब्दनिष्ठ आहे हे कोणीही सांगेल. जेम्स बार या अभ्यासकाने १९७९ मध्ये लिहिलेल्या प्रबंधात हाच मुद्दा मांडला: शब्दनिष्ठा एकच एक गुण नाही, ती अनेक परींची असते. शब्द तोडून प्रत्येक भागाला प्रतिशब्द देणे ही एक परी, काही न वाढवणे-गाळणे ही दुसरी, एका मूळ शब्दाला दरवेळी तोच प्रतिशब्द वापरणे ही तिसरी; व्युत्पत्तीची खूण राखणे ही आणखी निराळी. एक भाषांतरकार क्रम काटेकोर पाळेल, पण प्रतिशब्द मनाला येईल तसे बदलेल. दुसरा प्रतिशब्द कधीच बदलणार नाही, पण वाक्य उलटसुलट करील. या सगळ्यांची बेरीज करून ‘शब्दनिष्ठा ऐंशी टक्के’ असे सांगितले, तर त्या ऐंशीतून वाचकाच्या हाती काही लागत नाही. प्रत्येक परीचा आकडा वेगळा द्यायला हवा.

जेरुसलेमचे इमॅन्युएल टोव्ह आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे रॉबर्ट क्राफ्ट यांनी १९८०च्या दशकात सगळ्या हिब्रू बायबलची आणि त्याच्या ग्रीक भाषांतराची अशी जोडणी संगणकावर उभी केली. यंत्राने ढोबळ जोड्या लावायच्या आणि जाणत्या माणसांनी त्या ओळीने तपासायच्या. या नोंदीत ग्रीकमध्ये नसलेल्या शब्दासमोर `---` अशी खूण येते आणि ग्रीकमध्ये वाढलेल्या शब्दासमोर `--+` अशी. याच साहित्यावरून टोव्ह आणि बेंजामिन राइट यांनी १९८५ मध्ये निरनिराळ्या ग्रंथांची तुलना केली. त्यांनी निवडलेल्या कसोट्या साध्या होत्या. हिब्रू ‘ब’ला किती वेळा ‘एन’च वापरले? ‘त्याचा’, ‘त्याला’ अशा अर्थाचा हिब्रू प्रत्यय किती वेळा सुट्या ग्रीक सर्वनामाने दाखवला? हिब्रूत वाक्ये सर्रास ‘आणि’ने सुरू होतात, तिथे भाषांतरकाराने ‘काइ’ हे ‘आणि’ ठेवले, की अस्सल ग्रीक वळणाचे, वाक्यात दुसऱ्या जागी येणारे ‘दे’ वापरले? ईयोब आणि नीतिसूत्रे हे ग्रंथ मोकळ्या भाषांतराच्या टोकाला गेले. उपदेशक हा ग्रंथ शब्दनिष्ठेच्या टोकाला गेला. विशेष म्हणजे उपदेशकाच्या ग्रीकमध्येही ‘एत’साठी अक्विलाचा तो ‘सून’ आढळतो. वाचून झालेले मत आणि मोजून आलेला आकडा इथे एकाच दिशेला बोट दाखवतात, हे पद्धतीवर विश्वास ठेवायला चांगले कारण आहे.

ग्रीकचे ठीक, मराठीचे काय? हीच मोजणी मराठी भाषांतराला लावली तर काय घडते हे एका बनवलेल्या वाक्यावर पाहता येईल. ‘वय्यित्तेन हाईश एत हस्सेफेर लाइश्शा’ असे एक साधे हिब्रू वाक्य घ्या. तुकडे पाडले की ‘व’ म्हणजे आणि, ‘यित्तेन’ म्हणजे दिले, ‘ह’ निश्चयदर्शक, ‘ईश’ म्हणजे माणूस, ‘एत’ ही कर्माची खूण, पुन्हा ‘ह’, ‘सेफेर’ म्हणजे पुस्तक, ‘ल’ म्हणजे ला, ‘इश्शा’ म्हणजे बाई. एकूण नऊ. ‘लाइश्शा’मधल्या ‘ला’च्या स्वरात आणखी एक ‘ह’ विरघळला आहे. त्याला सुटे अक्षर नाही म्हणून इथे तो मोजलेला नाही, आणि हा निर्णय आहे हे लक्षात ठेवायचे.

मराठी भाषांतर: ‘आणि माणसाने पुस्तक बाईला दिले.’ प्रत्यय सोडवले की मराठीचे तुकडे सात होतात. आणि, माणूस, पुस्तक, बाई, ला, दिले या सहांना जोडीदार मिळतात. ‘ने’ला मुळात कोणी नाही. हिब्रूचे दोन ‘ह’ आणि ‘एत’ एकटे राहतात. म्हणजे नऊपैकी सहा. क्रमाचे काय? सहा रेघांच्या पंधरा जोड्या होतात. ‘दिले’ हिब्रूत दुसरे आणि मराठीत शेवटचे, म्हणून त्याची रेघ माणूस, पुस्तक, ला, बाई या चौघांच्या रेघांना छेदते. हिब्रूत ‘ल’ बाईच्या आधी आणि मराठीत ‘ला’ बाईच्या नंतर, म्हणून आणखी एक छेद. पंधरापैकी पाच जोड्या उलट्या, दहा सरळ.

नऊपैकी सहा, पंधरापैकी दहा. दोन्ही दोन-तृतीयांश. उत्पत्तीच्या ग्रीक वाक्याशेजारी हे आकडे ठेवले तर मराठी भाषांतरकार कितीतरी सैल वाटेल. पण त्याने काय सैल केले? मराठीला निश्चयदर्शक उपपद नाही. ‘त्या माणसाने ते पुस्तक’ असे लिहून ‘ह’ला जोडीदार देता येईल, पण मग ‘दुसऱ्या कोणी नव्हे, त्या माणसाने’ असा मुळात नसलेला रोख येतो. क्रियापद शेवटी नेणे हीसुद्धा त्याची मर्जी नाही, मराठीची रीत आहे. त्या वाक्यात अर्थ न बिघडवता, मराठी न मोडता सहाच जोड्या शक्य होत्या आणि त्याने सहाही लावल्या.

म्हणून कच्चा आकडा दोन गोष्टी एकत्र मोजतो: दोन भाषांमधले अंतर आणि भाषांतरकाराची निवड. त्या वेगळ्या करायच्या तर एकाच मुळाची, एकाच भाषेतली दोन भाषांतरे शेजारी ठेवावी लागतात. ‘मग बाईच्या हाती पुस्तक आले’ हे दुसरे भाषांतर समजा. पुस्तक आणि बाई या दोन रेघा निर्विवाद. देणारा माणूस गायब, तिथे रेघ नाही. पण ‘व’साठी ‘मग’ चालेल का? ‘ल’चे काम ‘च्या हाती’ करते, त्यांना जोडायचे का? ‘दिले’ आणि ‘आले’ यांना जोडायचे का? एका बाजूने तीच घटना आहे, दुसऱ्या बाजूने क्रिया वेगळी आणि कर्ताही वेगळा. दोन शहाण्या माणसांना हे काम दिले तर ते इथे हमखास भांडतील.

या भांडणावर जर्मनीतल्या आखेनचे संशोधक फ्रान्झ ओख आणि हर्मान नाय यांनी एक उपाय रूढ केला. रेघा दोन प्रकारच्या काढायच्या: पक्क्या आणि संभाव्य. मग आकडा एक न येता पल्ला येतो. सहा शक्य जोड्यांपैकी पहिल्या मराठी भाषांतराला सहा. दुसऱ्याला पक्क्या दोन, संभाव्य धरून पाच. शब्दनिष्ठ भाषांतरात हा पल्ला अरुंद असतो आणि मोकळ्या भाषांतरात तो रुंदावतो. किती जागी रेघेबद्दल वाद होतो, हेच भाषांतराच्या मोकळेपणाचे एक माप ठरते. म्हणून दोन माणसांनी एकमेकांचे न पाहता जोड्या लावाव्यात, मग पडताळाव्यात, आणि मतभेदाच्या जागा अहवालात तशाच ठेवाव्यात.

जोड्या लावण्याचे काम यंत्रावर सोपवता येते. आयबीएमच्या संशोधकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणिती पद्धती त्याच्या मुळाशी आहेत. कोणता शब्द कोणत्या शब्दाबरोबर पुन्हा पुन्हा येतो हे हजारो वाक्यांतून पाहून यंत्र जोड्या ठरवते. वारंवार येणाऱ्या शब्दांसाठी हे चांगले चालते. पण मुळात एकदाच आलेल्या दुर्मीळ शब्दाबाबत यंत्राला काहीच अनुभव नसतो, आणि वाक्यातले सगळे बेवारस शब्द ते त्याच्याच गळ्यात बांधते. त्यामुळे न जुळणारे शब्दही जुळल्यासारखे दिसतात आणि आकडा फुगतो. अशी गडबड ओळखायची खूण सोपी आहे. एकाच शब्दाला पाच-सहा रेघा लागलेल्या दिसल्या, तर ते वाक्य हाताने तपासावे.

सबंध ग्रंथ हाताने जोडणे फार वेळखाऊ, म्हणून नमुन्याचा उतारा घेतात. इथे चुका सर्वाधिक होतात. बायबलमध्ये वंशावळ्यांचे अध्याय आहेत, नावामागून नाव. नावाला नावच जोडीदार, म्हणून असा उतारा घेतला तर मोकळ्यातला मोकळा भाषांतरकारही शब्दनिष्ठ दिसेल. काव्याच्या उताऱ्यात उलटे होते. एकाच जागचा उतारा घेण्याचाही धोका आहे. हेन्री थॅकरी यांनी १९०३ मध्ये दाखवून दिले, की यिर्मयाच्या ग्रीक भाषांतराची भाषा मध्येच बदलते. संदेष्ट्याच्या वाणीआधी ‘परमेश्वर असे म्हणतो’ या अर्थाचा एक ठरीव शब्दगुच्छ हिब्रूत वारंवार येतो. ग्रीक क्रमाप्रमाणे अठ्ठाविसाव्या अध्यायापर्यंत त्याला ‘तादे लेगेइ’ आहे, एकोणतिसाव्यापासून ‘हूतोस एइपे’. थॅकरींच्या मते भाषांतरकार दोन होते. टोव्ह यांनी पुढे म्हटले, की भाषांतरकार एकच होता, पण पुढच्या भागाचे जुने भाषांतर कोणीतरी नंतर सुधारले आणि तेच आपल्यापर्यंत आले. काही असो, पहिल्या दहा अध्यायांवरून काढलेला आकडा पन्नासाव्या अध्यायाला लागू पडत नाही. उतारे सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे हवेत. कथन, संवाद आणि काव्य यांचे वेगवेगळे हवेत. आणि ते भाषांतर वाचण्याआधी निवडलेले हवेत, नाहीतर निवडणारा नकळत आपल्या मताला सोयीचे पान उघडतो.

यिर्मयाच्या जोडीला ईयोबाचा ग्रंथ ठेवला की या मेहनतीचे फळ दिसते. जुने ग्रीक ईयोब हिब्रूपेक्षा सुमारे सहाव्या हिश्शाने आखूड आहे. दोन्ही ग्रंथ आखूड. पण जो मजकूर भाषांतरित झाला आहे तिथली जोडणी पाहिली तर दोघांचे स्वभाव निराळे. ईयोबाचा भाषांतरकार प्रतिशब्द बदलतो, वाक्ये एकत्र करतो, क्रम हलवतो. त्याने मजकूरही आवरता घेतला असे म्हणायला जागा आहे. यिर्मयाचा भाषांतरकार आहे त्या मजकुरात शब्दाला शब्द लावत जातो. असा माणूस एवढा मजकूर स्वतःहून गाळील हे पटत नाही. तेव्हा त्याच्यापुढचे हिब्रूच आखूड होते, असा निष्कर्ष निघतो.

हा निष्कर्ष पडताळणारा पुरावा मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या चौथ्या गुहेत मिळाला. तिथल्या यिर्मयाच्या एका हिब्रू हस्तलिखिताचा, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, लहानसा तुकडा दहाव्या अध्यायाचा आहे. प्रचलित हिब्रूतली ६ ते ८ आणि १० ही वचने त्यात बसत नाहीत, आणि हीच वचने ग्रीकमध्येही नाहीत. तुकडा लहान आहे, त्यावरून सगळ्या ग्रंथाबद्दल बोलता येणार नाही. पण आखूड हिब्रू यिर्मया अस्तित्वात होता एवढे त्याने दाखवले. यातून मोजणीची एक मर्यादाही कळते. आज छापील असलेले हिब्रू हेच मूळ धरून जोडणी केली, तर त्या चार वचनांतला प्रत्येक शब्द ‘भाषांतरकाराने गाळला’ म्हणून नोंदला जाईल. ज्या मुळावरून भाषांतर झाले तेच मूळ हाती आहे ना, हे आधी पाहिले नाही तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. जुन्या ग्रंथांपुरतेच हे खरे नाही. कादंबरीच्या दोन आवृत्त्यांत लेखकाने बदल केले असतील तर तिथेही हेच होते.

मराठीत अशा मोजणीला साहित्य भरपूर आहे. पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबल थेट हिब्रू आणि ग्रीकमधून मराठीत आणले; त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये ते केडगावच्या मुक्ती मिशनमधून प्रसिद्ध झाले. बायबल सोसायटीचे मराठी भाषांतर निराळे. मूळ एक, भाषा एक, भाषांतरे दोन: तुलनेची अट इथे पुरी होते. संस्कृत, बंगाली, इंग्रजी ग्रंथांची तर मराठीत तीन-तीन, चार-चार भाषांतरे आहेत. परीक्षण लिहिताना ‘शब्दशः’ किंवा ‘स्वैर’ असा शेरा मारण्याआधी समीक्षकाने निदान तीन पाने निवडावीत, सुरुवातीचे एक, मधले एक, शेवटचे एक. त्यांच्या जोड्या लावाव्यात. आणि शब्द कसे तोडले, कोणत्या रेघा पक्क्या धरल्या, हे आकड्याबरोबर छापावे.